एकतीस लाख साठ हजारांचा माग

बँकेचे हे पत्र सहसा तीन-चार ओळींचे असते. आपल्या खात्यात अमुक तारखेस जमा झालेली रक्कम आमच्याकडील नोंदींशी सुसंगत दिसत नाही, तरी रकमेच्या स्रोताबाबत खुलासा व कागदपत्रे पंधरा दिवसांत सादर करावीत, खाली शिक्का आणि सही. ज्याच्या हाती ते पडते तो एक तर घाबरतो, नाही तर चिडतो. आपलाच पैसा आणि वर आपल्यालाच जाब, ही भावना समजण्यासारखी आहे. पण उत्तर लिहायला बसताना दोन्ही भावना बाजूला ठेवलेल्या बऱ्या, कारण पत्रात विचारलेला प्रश्न दिसतो त्यापेक्षा खूप मर्यादित असतो.

तो नेमका किती मर्यादित असतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण रचू. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे खाते घेऊ. त्यांना आपण बाई म्हणू. बाईंची पेन्शन महिन्याला ३४,००० रुपये. खात्यात एरवी दोन-अडीच लाखांची शिल्लक. केवायसीच्या अर्जात वार्षिक उत्पन्नाच्या चौकटीत त्यांनी ‘१ ते ५ लाख’ यावर खूण केलेली. या खात्यात २० जून २०२५ रोजी २० लाख रुपये आले आणि २३ जूनला आणखी ११ लाख ६० हजार. दोन्ही रकमा त्यांच्या थोरल्या भावाच्या खात्यातून आल्या. कराड तालुक्यातली वडिलोपार्जित शेतजमीन विकली, त्यातला हा बाईंचा हिस्सा. व्यवहार स्वच्छ, कुणाचे काही लपवायचे नाही. तरीही पत्र आले.

आले कारण बँकेला ग्राहक ‘माहीत’ असतो तो असा: व्यवसाय, उत्पन्नाची चौकट, आजवरच्या जमा-खर्चाची चाल. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांप्रमाणे खाते उघडताना ओळख पटवून बँकेचे काम संपत नाही. पुढचे व्यवहार या माहितीशी जुळतात का, आणि पैशाचा स्रोत तिच्याशी सुसंगत आहे का, हे सतत पाहत राहण्याची जबाबदारी तिच्यावर असते. त्याच्या मुळाशी २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आहे, जो १ जुलै २००५ पासून लागू झाला. हे पाहण्याचे पहिले काम आता संगणक करतो. वर्षाला चार लाखांच्या आसपास जमा होणाऱ्या खात्यात चार दिवसांत साडेएकतीस लाख आले की त्याच्या यादीत ते खाते वर येते. त्यात बाईंवर संशय वगैरे काही नाही. फक्त आकड्यांचा मेळ बसत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. बाईंचे खाते कमी जोखमीचे, म्हणून त्यांची केवायसी दहा वर्षांनी ताजी करायची असते (मध्यम जोखमीला आठ वर्षे, जास्त जोखमीला दोन). ती मुदत नेमकी याच सुमारास भरली होती. आधार कार्डाची प्रत आणि ‘माझ्या माहितीत बदल नाही’ असे सही केलेले निवेदन देऊन बाई घरी आल्या आणि काम झाले असे समजल्या. ते झालेही, पण ते ओळखीचे आणि पत्त्याचे काम होते. रकमेच्या स्रोताचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला आधार कार्ड हे उत्तर नाही. दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात आले की माणूस सोप्याचे उत्तर देतो आणि अवघड तसाच राहतो.

पत्राला बाईंनी दिलेले पहिले उत्तर एका वाक्याचे होते: ‘सदर रक्कम माझ्या भावाने दिली आहे.’ शाखेतल्या अधिकाऱ्याने ते ठेवून घेतले, कारण तो बाईंना ओळखतो. कदाचित त्याची मुले बाईंच्या शाळेत शिकली असतील. पण निर्णय त्याच्या हातात नसतो. बहुतेक मोठ्या बँकांत असे खुलासे मुख्य कार्यालयातल्या किंवा विभागीय केंद्रातल्या एका टेबलावर जातात. तिथला माणूस बाईंना ओळखत नाही, कराडला कधी गेलेला नसतो, आणि त्याच्यासमोर फक्त कागद असतात. ‘भावाने दिली’ हे त्याला खात्याच्या उताऱ्यातच दिसत होते. भावाने का दिली, भावाकडे कुठून आली, आणि इतकीच का, हे त्याला हवे होते. उत्तर परत आले.

अशा टेबलावर बसणारा माणूस दोन गोष्टी शोधतो. पहिली, ही विशिष्ट रक्कम कोणत्या वाटेने या खात्यात पोचली. दुसरी, त्या वाटेच्या उगमाशी जी मालमत्ता आहे ती या ग्राहकाकडे मुळात कशी आली. पगारदाराच्या बोनसला पहिलीच पुरते. जमिनीच्या पैशाला दोन्ही लागतात, कारण विकणारा त्या जमिनीचा मालक होता हे सिद्ध झाल्याशिवाय विक्रीच्या पैशावरचा त्याचा हक्क दिसत नाही.

म्हणून बाईंनी दुसऱ्यांदा उत्तर लिहिले तेव्हा उलट दिशेने, म्हणजे जमिनीपासून सुरुवात केली. वडील गेल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली: दोन भाऊ आणि बाई. विक्रीपूर्वीचा तो सातबारा आणि फेरफाराचा उतारा, हे पहिले दोन कागद. विक्रीनंतरचा सातबारा इथे निरुपयोगी असतो, कारण त्यावर खरेदीदाराचे नाव आलेले असते आणि बाईंचे नाव कंसात गेलेले असते. ऑनलाइन काढताना नेमका ताजा उतारा निघतो, आणि बरेच जण तोच जोडतात.

त्यानंतर व्यवहार. १० जानेवारी २०२५ रोजी साठेखत झाले, विसारापोटी ५ लाखांचा धनादेश. १२ मार्चला दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवले, उरलेले ९१ लाख आरटीजीएसने आले. एकूण ९६ लाख. खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून तिघेही होते, तिघांच्या सह्या आणि अंगठे होते. पण मोबदल्याच्या परिच्छेदात, जिथे रक्कम कशी पावली याचा तपशील असतो, तिथे सगळे पैसे ‘लिहून देणार क्रमांक १’, म्हणजे थोरल्या भावाच्या खात्यात आल्याचे लिहिले होते. घरातल्या मोठ्याने पैसे घ्यायचे आणि मग वाटायचे, ही आपल्याकडची रीत. बँकेच्या दृष्टीने मात्र बाईंचा पैसा इथे तीन महिन्यांसाठी दुसऱ्याच्या खात्यात शिरतो, आणि सगळा घोळ होतो तो याच टप्प्यावर.

कारण भावाने ते पैसे नुसते ठेवले नाहीत. वाटणी ठरेपर्यंत त्याने ९० लाखांची मुदत ठेव केली आणि जूनमध्ये ती मोडून बहिणीचा हिस्सा पाठवला. टेबलावरच्या माणसाला भावाच्या खात्यात मार्चमध्ये ९१ लाख येताना दिसतात, त्यातले ९० लाख दुसऱ्याच दिवशी जाताना दिसतात, आणि जूनमध्ये मुदत ठेव मोडल्याची जमा दिसते. ठेवीचा तपशील जोडला नाही तर ही तीन वेगवेगळ्या पैशांची गोष्ट वाटते. म्हणून भावाच्या खात्याचा मार्च ते जूनचा उतारा आणि ठेव मोडल्याची पावती, दोन्ही लागतात. भावाला आपला सगळा उतारा बहिणीच्या बँकेला दाखवायचा नसेल तर त्यात गैर काही नाही. संबंधित नोंदी दिसतील आणि बाकीच्या झाकल्या जातील अशी प्रत, तिच्यावर त्याची सही, एवढे बहुधा चालते. पान मात्र पूर्ण असावे, कापलेले नको. खात्याचे नाव, क्रमांक आणि तारीख दिसत नसेल तर तो कागद कुणाचाही असू शकतो.

आता आकडा. ९६ लाखांचे तीन हिस्से, प्रत्येकी ३२ लाख. बाईंना आले ३१ लाख ६० हजार. हे ४०,००० कुठे गेले? मोजणी, वकिलाची फी आणि कागदपत्रे यांसाठी भावाने आधी १ लाख २० हजार खर्च केले होते. तिघांत वाटून प्रत्येकी ४०,००० त्याने कापून घेतले. घरात हे इतके सरळ असते की कुणी लिहून ठेवत नाही. पण खुलाशात ‘माझा हिस्सा ३२ लाख’ असे लिहून खाली ३१.६० लाखांची नोंद जोडली की वाचणारा थांबतो. त्याला तो फरक चोरी वाटत नाही, पण हा आकडा त्याच व्यवहारातून आला आहे याची खात्री डळमळते. फरक लहान असो की मोठा, तो स्वतःहून सांगावा. तंतोतंत गोल आकड्यांपेक्षा समजावून सांगितलेला वाकडा आकडा अशा टेबलावर जास्त विश्वासार्ह ठरतो.

बाईंचे दुसरे पत्र साधारण असे होते:

‘माझ्या बचत खात्यात दि. २०/०६/२०२५ रोजी रु. २०,००,००० व दि. २३/०६/२०२५ रोजी रु. ११,६०,००० जमा झाले. एकूण रु. ३१,६०,०००. ही रक्कम आमच्या वडिलोपार्जित शेतजमिनीच्या विक्रीतील माझा एक तृतीयांश हिस्सा आहे. सदर जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस नोंदीने माझे नाव होते. दि. १२/०३/२०२५ च्या नोंदणीकृत खरेदीखतात मी लिहून देणार क्रमांक ३ आहे. विक्रीचा मोबदला रु. ९६,००,००० माझ्या थोरल्या भावाच्या खात्यात धनादेशाने व आरटीजीएसने जमा झाला. त्याने त्यातील रु. ९०,००,००० ची मुदत ठेव केली व जून महिन्यात ती मोडून माझा हिस्सा मला पाठवला. माझ्या हिश्श्यातून विक्रीच्या खर्चापोटी रु. ४०,००० वजा केले आहेत. या व्यवहारात रोख रक्कम घेतलेली नाही. अशी जमा पुन्हा होणार नाही.’

खाली जोडलेल्या कागदांची यादी आणि प्रत्येक कागदावर क्रमांक. खरेदीखत चाळीस पानांचे असेल तर सगळे द्यावे, पण मोबदल्याचा परिच्छेद आणि सह्यांचे पान यांवर खूण करावी. सोबत सूची क्रमांक २ ची प्रत जोडली की बरे, कारण त्या एका पानावर देणारे, घेणारे, मोबदला आणि नोंदणीची तारीख एकत्र सापडतात. पत्रात खूप नम्रता किंवा खूप राग, दोन्ही वायाच जातात. ‘मी प्रामाणिक करदाती आहे’ या वाक्याला पुरावा म्हणून काहीच किंमत नसते.

एक सोपा वाटणारा रस्ता इथे हटकून सुचवला जातो. भावाकडून आले ना, मग बक्षीस लिहून द्या. सख्ख्या भावाकडून बहिणीला मिळालेल्या बक्षिसावर कर नसतो. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर बक्षिसाचा मजकूर छापून मिळतो आणि बँकही बऱ्याचदा तो कागद घेते. करविषयक विधान म्हणून ते खरे आहे, घटना म्हणून खोटे. बाई त्या जमिनीच्या मालक होत्या, त्यांनी स्वतः विक्री केली. भावाने बक्षीस दिले म्हटले तर संपूर्ण ९६ लाख त्याचे होते असा अर्थ निघतो, आणि तो खरेदीखताच्या विरुद्ध जातो. शिवाय ३० लाख रुपये किंवा त्यावरच्या स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जात होती, आणि ती विक्रेत्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. म्हणजे आयकर खात्याकडे बाईंच्या नावावर विक्री आणि बँकेकडे त्यांच्याच सहीने बक्षीस. दोन वर्षांनी कुणी हे दोन कागद शेजारी ठेवले तर पहिल्यापेक्षा दुसरा खुलासा फार महाग पडेल.

आणि गरजही नव्हती. गावातली शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच धरली जात नाही. दहा हजारांपेक्षा जास्त ते एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडे जमीन असली की ती या सवलतीत बसते. मोठ्या शहरांना हेच अंतर सहा किंवा आठ किलोमीटर होते. बाईंची जमीन त्या पलीकडची होती, तेव्हा नफ्यावर कर नव्हताच. करापासून वाचण्यासाठी बक्षिसाची गोष्ट रचायची आणि कर मुळातच नसायचा, असे फार वेळा होते. मात्र बँकेने खुलासा मान्य केला म्हणजे करमाफी मिळाली असेही नव्हे. बँक फक्त पैसा कुठून आला ते पाहते; त्यावर कर आहे की नाही हे ठरवणे तिचे काम नाही.

आता याच उदाहरणात एक बदल करू, कारण खऱ्या व्यवहारांत तो फार भेटतो. समजा ठरलेला भाव ९६ लाखच, पण खरेदीखतात ६६ लाख दाखवले आणि ३० लाख ‘वरचे’ रोख घेतले. बाईंच्या वाट्याला २२ लाख खात्यातून आणि १० लाखांची नोटांची पिशवी. हे १० लाख कसे समजावून सांगायचे? इमानदारीने सांगता येत नाहीत. नोंदवलेल्या कागदात ती रक्कम नाही, आणि सांगितलेच तर स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारल्याची कबुली होते. आयकर कायद्यात त्याला स्वीकारलेल्या रकमेइतका दंड आहे. दोघेही शेती उत्पन्नवाले आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नाही, अशांसाठी एक अरुंद सूट आहे. पेन्शन घेणाऱ्या बाईंना तिच्यात बसणे अवघड.

मग लोक नोटा थोड्या थोड्या भरतात. दिवसाला ५०,००० च्या वर रोख भरले की पॅन द्यावा लागतो, हा २०२५ साली लागू असलेला नियम, म्हणून ४९,००० ची स्लिप. आज या शाखेत, परवा त्या शाखेत. हा उपाय स्वतःच पुरावा तयार करतो. एका महिन्यात एकमेकांशी जोडलेल्या लहान लहान रोख रकमांची बेरीज १० लाखांच्या वर गेली की ती माहिती दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे पाठवावी लागते, आणि ‘४९,०००, ४९,०००, ४८,५००’ असा उतारा पाहिल्यावर कुणालाही हेतू वाचता येतो. १० लाख एकदम भरणारा माणूस निदान प्रश्नाला सामोरा जातो. तुकडे करणाऱ्याला आधी तुकडे का केले याचे उत्तर द्यावे लागते आणि मग पैशाचे.

या अहवालांबद्दल एक गैरसमज आहे. १० लाखांवरच्या रोख व्यवहाराची माहिती हा आरोप नसतो. ती दर महिन्याला, सगळ्यांची, यांत्रिकपणे जाते. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल ही वेगळी चीज, आणि तो केव्हा पाठवायचा हे बँकेचा प्रिन्सिपल ऑफिसर ठरवतो. तो पाठवला की नाही हे ग्राहकाला सांगण्याची बँकेला बंदी आहे. त्यामुळे ‘माझ्याविरुद्ध काही गेले आहे का’ असे शाखेत विचारून उपयोग नाही. समोरचा कर्मचारी गप्प बसला म्हणजे काही गेले आहे असेही समजू नये. त्याला बहुधा माहीतच नसते.

बाईंच्या बाबतीत दुसरे पत्र गेल्यावर एकच प्रश्न परत आला: वाटणीचा काही लेख आहे का? लेख नव्हता. तिघा भावंडांनी हिस्सा आणि खर्चाची वजावट लिहून, सह्या करून एक साधा कबुलीचा कागद दिला आणि ते पुरले. खरे तर हा कागद खरेदीखताच्या दिवशीच व्हायला हवा होता. त्याहून बरे म्हणजे खरेदीदाराने तीन खात्यांत तीन आरटीजीएस केले असते. मोबदल्याच्या परिच्छेदात तीन ओळी वाढल्या असत्या, बाईंच्या खात्यात थेट खरेदीदाराकडून रक्कम आली असती, आणि भावाचा उतारा, मुदत ठेव, ४०,००० हे काहीच समजावून सांगावे लागले नसते. खर्चाचे पैसे नंतर बाईंनी भावाला वेगळे पाठवले असते.

खुलासा मुदतीत देता आला नाही तर तसे लेखी कळवून मुदत मागावी. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन मिळतात, पण नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागू शकतो. उत्तर दिलेल्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी, किंवा ईमेल करावा. सगळे देऊनही बँकेने कारण न देता व्यवहार अडवले तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तिथेही पहिला प्रश्न पोच असलेल्या प्रतीचाच असतो.

शेवटी उत्पन्नाची चौकट. अधिकाऱ्याने बाईंना सुचवले की आता ‘२५ लाखांच्या वर’ यावर खूण करा, म्हणजे पुन्हा विचारणार नाही. बाईंनी नकार दिला, आणि ते योग्य होते. जमिनीचा पैसा एकदाच येणारा. तो उत्पन्न म्हणून लिहिला तर पुढच्या वर्षी पेन्शनशिवाय काहीच न आलेले खाते पुन्हा न जुळणारे दिसेल. मात्र बाईंनी ३० लाखांची मुदत ठेव केली. सात टक्के धरले तर वर्षाचे व्याज दोन लाख दहा हजार, पेन्शन चार लाख आठ हजार, मिळून सहा लाखांच्या वर. ‘१ ते ५ लाख’ ही जुनी खूण आता खरोखरच चुकीची झाली होती, तेव्हा बाईंनी तिच्या वरच्या चौकटीवर खूण केली आणि शेरा लिहिला: पेन्शन व ठेवीवरील व्याज.